पाच लाखांचं अ‍ॅनेक्शर: रुपयान् रुपया जुळणारा तक्ता कसा बनतो, कसा वाचायचा

पाच लाखांचं पॅकेज म्हणजे महिन्याला साधारण ४१,६६७ रुपये, असा हिशोब नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत नव्याने लागणारी बहुतेक मुलं मनात धरून येतात. पहिला पगार जमा होतो तेव्हा खात्यात चौतीस हजारांच्या आत रक्कम दिसते. मग आमच्याकडे विचारणा येते, "सर, माझे साडेसात हजार कशाचे कापले?" यातला बराचसा भाग कापलेला नसतोच. तो मुळात महिन्याच्या पगारात धरलेला नव्हता, आणि ते ऑफर लेटरच्या मागे जोडलेल्या अ‍ॅनेक्शरमध्ये लिहिलेलं होतं. पण ते पान नीट समजावून कुणी सांगत नाही, आणि सही पहिल्या पानावरचा आकडा बघून होते.

मी पगारपत्रकाचं काम करतो आणि अशी अ‍ॅनेक्शरं बनवतो. ती बनवताना काय काय ठरवावं लागतं हे एकदा पाहिलं की वाचणं सोपं जातं. म्हणून इथे एक तक्ता पहिल्यापासून बांधू. अंबडच्या एखाद्या मध्यम कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर घ्यायचा आहे, सीटीसी वर्षाला ५,००,००० रुपये, असं धरू.

सीटीसी म्हणजे कंपनीला त्या माणसामागे वर्षभरात येणारा सगळा खर्च. त्यात तीन वेगळ्या जातीचे पैसे एकत्र असतात. पहिले दर महिन्याला पगार म्हणून मिळणारे. दुसरे दर महिन्याला कंपनी बाजूला टाकते ते, म्हणजे कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीची तरतूद. तिसरे वर्षातून एकदाच खर्च होणारे, म्हणजे मेडिक्लेमचा हप्ता आणि कामगिरीवर ठरणारा बोनस. चांगल्या अ‍ॅनेक्शरमध्ये हे तीन गट वेगळे दिसतात. वाईट अ‍ॅनेक्शरमध्ये तिन्ही एकाखाली एक लिहून शेवटी बेरीज मारलेली असते.

आता पहिलीच अडचण. ५,००,००० ला १२ ने भागलं तर पूर्ण रुपये येत नाहीत. ४१,६६६ गुणिले १२ केले तर ४,९९,९९२ होतात, आठ रुपये उरतात. ४१,६६७ धरले तर ५,००,००४ होतात, चार रुपये वाढतात. कुठलाही पूर्ण रुपया घ्या, बारा महिन्यांनी नेमके पाच लाख होत नाहीत. मूळ पगार पॅकेजच्या निम्मा ठेवायचा म्हटलं तरी तेच: वर्षाला २,५०,०००, महिन्याला २०,८३३ रुपये ३३ पैसे. वार्षिक रकाना आधी भरून प्रत्येक ओळ बाराने भागत गेलं की जवळजवळ प्रत्येक ओळीत पैसे सुटतात. एक्सेल ते पैसे पडद्यावर दाखवत नाही, पण पोटात ठेवतं. मग छापलेल्या पानावर आकडे हाताने मिळवणाऱ्याला बेरीज एक-दोन रुपयांनी चुकलेली दिसते.

दोन रुपयांनी काय बिघडतं, असं वाटेल. रुपयांचं काही बिघडत नाही. पण पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये महिन्याचा आकडा भरतात, पत्रात वर्षाचा आकडा असतो, आणि दोन्ही एकमेकांवर बसत नसतील तर खरा कोणता हे कुणीच सांगू शकत नाही. शिवाय जिथे दोन रुपयांचा फरक चालवून घेतला जातो, तिथे दोन हजारांचा फरकही नजरेतून सुटतो, कारण बेरीज तपासायची सवयच राहत नाही.

म्हणून तक्ता उलट दिशेने बांधायचा. महिन्याचा रकाना आधी, पूर्ण रुपयांत. वर्षाचा आकडा म्हणजे महिन्याचा गुणिले बारा, दुसरं काही नाही. आणि शेवटी जे थोडे रुपये उरतील ते वर्षातून एकदाच मिळणाऱ्या ओळीत टाकायचे, कारण त्या ओळीला बाराने भागावं लागत नाही.

आपल्या उदाहरणात मेडिक्लेमचा हप्ता ५,६०० रुपये आहे आणि बोनस साधारण २५,००० ठेवायचा आहे. हे दोन्ही वजा केले की ४,६९,४०० उरतात. बाराने भागले तर ३९,११६ आणि वर आठ रुपये. म्हणजे महिन्याला ३९,११६ रुपयांत पगार, पीएफ आणि ग्रॅच्युइटी बसवायची, आणि ते आठ रुपये बोनसमध्ये घालून तो २५,००८ करायचा. पत्रात २५,००८ हा आकडा जरा विचित्र दिसतो खरा, पण कुठल्या तरी एका ओळीला तो विचित्रपणा घ्यावाच लागतो, आणि वर्षातून एकदा येणारी ओळ त्यासाठी सगळ्यात योग्य.

आता ३९,११६ ची वाटणी. मूळ पगार २१,००० ठेवू. गोल आकडा ठेवला की पुढचे हिशोब स्वच्छ राहतात. घरभाडे भत्ता मूळ पगाराच्या ४० टक्के, म्हणजे ८,४००. ही ४० टक्क्यांची प्रथा आयकराच्या जुन्या पद्धतीतून आली: घरभाड्याची सूट मोजताना नाशिकसारख्या शहरासाठी पगाराच्या ४० टक्के मर्यादा आहे, मुंबईसाठी ५०. नवी करपद्धत निवडली तर ही सूट मिळत नाही, आणि पाच लाखांच्या पगारावर नव्या पद्धतीत करही लागत नाही. त्यामुळे या ओळीवर डोकं खपवायचं कारण नाही.

कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० रुपये. पीएफची सक्ती १५,००० रुपयांच्या वेतनापर्यंत आहे आणि त्याचे १२ टक्के १,८०० होतात. काही कंपन्या पूर्ण मूळ पगारावर भरतात, मग ही ओळ २,५२० होते. दोन्ही चालतं, पण पॅकेज तेवढंच असेल तर वाढलेला पीएफ तुमच्या हातातल्या पगारातूनच निघतो. तुम्ही पेन्शन योजनेचे सभासद असाल तर या १,८०० पैकी १,२५० रुपये तिकडे जातात आणि फक्त ५५० तुमच्या पीएफ खात्यात दिसतात. पासबुक बघून "कंपनी पीएफ कमी भरते" अशी तक्रार येते ती बहुतेक वेळा यामुळे. १,२५० रुपये शेजारच्या पेन्शनच्या रकान्यात असतात.

आता उरलेल्या ७,९१६ रुपयांत दोन ओळी बसवायच्या: स्पेशल अलाउन्स आणि ग्रॅच्युइटी. इथे थोडं थांबावं लागेल, कारण नवीन अ‍ॅनेक्शरांत सगळ्यात जास्त घोळ इथेच दिसतो.

ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचं वेतन, आणि त्यासाठी महिना २६ दिवसांचा धरतात. कंपनी दर महिन्याला याचा बारावा हिस्सा तरतूद म्हणून धरते. १५ भागिले २६ भागिले १२, म्हणजे सुमारे ४.८१ टक्के. जुन्या अ‍ॅनेक्शरांत 'मूळ पगाराच्या ४.८१ टक्के' असं लिहिलेलं असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि वेतनाची व्याख्या एकच झाली. घरभाडे भत्ता, प्रवासखर्च, कंपनीचा पीएफ, बोनस, ओव्हरटाइम, कमिशन अशा ठरावीक गोष्टी वेतनाबाहेर, बाकी सगळं वेतनात. बाहेरच्या गोष्टी एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर वरची रक्कम पुन्हा वेतनात धरायची. स्पेशल अलाउन्स त्या बाहेरच्या यादीत नाही. म्हणजे तो वेतनात येतो, आणि ग्रॅच्युइटी आता मूळ पगार अधिक स्पेशल अलाउन्स यांच्यावर मोजायला हवी.

यातून एक गाठ पडते. स्पेशल अलाउन्स ही उरलेले पैसे भरून काढायची ओळ. तो किती ठेवायचा हे ग्रॅच्युइटी किती यावर ठरतं, आणि ग्रॅच्युइटी स्पेशल अलाउन्सवर ठरते. अंदाजाने स्पेशल ६,९०० धरून पाहू. वेतन २७,९०० झालं, ग्रॅच्युइटी १,३४१. दोन्ही मिळून ८,२४१, म्हणजे ७,९१६ पेक्षा ३२५ जास्त. स्पेशल कमी केला की ग्रॅच्युइटीही थोडी उतरते, म्हणून पूर्ण ३२५ कमी करायचे नाहीत, ३१० पुरतात. स्पेशल ६,५९० धरला तर वेतन २७,५९०, ग्रॅच्युइटी १,३२६ आणि बेरीज नेमकी ७,९१६.

एक्सेलमध्ये या दोन ओळी एकमेकींवर अवलंबून ठेवल्या तर सर्क्युलर रेफरन्सचा इशारा येतो. तो टाळायला स्पेशल अलाउन्स सरळ सूत्राने काढावा. मूळ पगार `B2`, घरभाडे `B3`, स्पेशल `B4`, पीएफ `B5`, ग्रॅच्युइटी `B6` मध्ये असेल तर:

```
B4: =ROUND((39116-B2-B3-B5-B2*15/312)/(1+15/312),0)
B6: =39116-B2-B3-B4-B5
```

३१२ म्हणजे २६ गुणिले १२. दुसऱ्या ओळीत ग्रॅच्युइटी वजाबाकीने काढली आहे, त्यामुळे पूर्णांक करताना सुटणारा रुपया आपोआप तिच्यात जातो. `ROUND` इथे महत्त्वाचं आहे. नुसतं फॉरमॅट बदलून दशांश लपवले तर पैसे आतमध्ये तसेच राहतात.

आता पूर्ण तक्ता:

| घटक | दरमहा (रु.) | वार्षिक (रु.) |
|---|---:|---:|
| मूळ पगार | २१,००० | २,५२,००० |
| घरभाडे भत्ता | ८,४०० | १,००,८०० |
| स्पेशल अलाउन्स | ६,५९० | ७९,०८० |
| अ. ग्रॉस पगार | ३५,९९० | ४,३१,८८० |
| कंपनीचा पीएफ | १,८०० | २१,६०० |
| ग्रॅच्युइटीची तरतूद | १,३२६ | १५,९१२ |
| ब. कंपनीचा वाटा | ३,१२६ | ३७,५१२ |
| अ + ब | ३९,११६ | ४,६९,३९२ |
| मेडिक्लेमचा हप्ता | – | ५,६०० |
| कामगिरी बोनस | – | २५,००८ |
| क. वर्षातून एकदा | – | ३०,६०८ |
| सीटीसी (अ + ब + क) | | ५,००,००० |

तपासणी दोन्ही बाजूंनी करायची. वरून खाली प्रत्येक रकान्याची बेरीज, आणि डावीकडून उजवीकडे प्रत्येक ओळ गुणिले बारा. ३५,९९० गुणिले १२ म्हणजे ४,३१,८८०, आणि वरच्या तीन वार्षिक आकड्यांची बेरीजही तेवढीच. ४,६९,३९२ मध्ये ३०,६०८ मिळवले की पाच लाख. सीटीसीच्या ओळीत महिन्याचा रकाना मुद्दाम रिकामा ठेवला आहे. तिथे ४१,६६७ लिहिलं की वाचणाऱ्याला तो पगार वाटतो, आणि तो तक्त्यातल्या कुठल्याच आकड्याशी जुळतही नाही.

हातात किती येणार हे तक्ता सांगत नाही, पण तक्त्यावरून काढता येतं. ग्रॉस ३५,९९० घ्या. त्यातून तुमच्या स्वतःच्या वाट्याचा पीएफ १,८०० जाईल. हा कंपनीच्या वाट्याहून वेगळा आहे आणि ग्रॉसमधूनच कापला जातो. महाराष्ट्राचा व्यवसाय कर महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५००. महिलांना २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर हा कर नाही, पण इथे पगार त्याच्या वर आहे. ग्रॉस २१,००० च्या वर असल्यामुळे ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी, लागत नाही. तर महिन्याला हातात ३३,९९०, फेब्रुवारीत ३३,८९०. जून आणि डिसेंबरमध्ये कामगार कल्याण निधीचे २५ रुपये कमी.

आता त्या साडेसात हजारांचा हिशोब लागतो. ४१,६६७ आणि ३३,९९० यांत ७,६७७ रुपयांचा फरक आहे. त्यातले १,८०० कंपनीचा पीएफ, १,८०० तुमचा पीएफ, १,३२६ ग्रॅच्युइटी, २०० व्यवसाय कर, आणि मेडिक्लेम व बोनस मिळून महिन्याला पडतात ते २,५५१. पाचही आकडे मिळवा, ७,६७७ येतात. खऱ्या अर्थाने पगारातून कापलेले त्यातले फक्त २,००० आहेत.

या सगळ्या ओळी सारख्या भरवशाच्या नाहीत, हे मात्र तक्त्याच्या रकान्यांत दिसत नाही. पीएफचे पैसे तुमच्या नावावर जातात, नोकरी बदलली तरी तुमचेच. ग्रॅच्युइटीचं तसं नाही. कायम नोकरीत सलग पाच वर्षं पूर्ण केली तरच ती हातात येते. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर नव्या संहितेनुसार एका वर्षानंतर हक्क मिळतो. तीन वर्षांनी पुण्याला दुसरी नोकरी धरली तर हे वर्षाचे १५,९१२ कधी तुमच्या खात्यात आलेलेच नसतात. आणि पाच वर्षं थांबलात तर मिळणारी रक्कम त्या वेळच्या शेवटच्या वेतनावर मोजली जाते, अ‍ॅनेक्शरमधल्या आकड्यावर नाही. मेडिक्लेमचा हप्ता तर रोख कधीच मिळत नाही. सगळ्यात हलती ओळ बोनसची. २५,००८ ही ठरलेली रक्कम आहे, की उद्दिष्ट पूर्ण झालं तर मिळणारी जास्तीत जास्त रक्कम, हे शब्दांत लिहिलेलं असायला हवं. बोनस कोणत्या महिन्यात देणार, आणि त्या तारखेला नोकरीत असण्याची अट आहे का, हेही. अशी अट असते तिथे मार्चमध्ये राजीनामा देऊन एप्रिलचा बोनस गमावलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि पत्र उघडून बघितलं तर अट तिथे होतीच.

चुकीची अ‍ॅनेक्शरं बहुधा तीन प्रकारची सापडतात. पहिल्या प्रकारात बोनस बाराने भागून महिन्याच्या रकान्यात आणि तोही ग्रॉसच्या वर टाकलेला असतो. आपल्या उदाहरणात त्यामुळे ग्रॉस ३५,९९० ऐवजी ३८,०७४ दिसेल आणि दर महिन्याला २,०८४ रुपये कमी आल्यासारखं वाटत राहील. ओळखायची खूण म्हणजे ग्रॉसच्या वर 'व्हेरिएबल' किंवा 'इन्सेंटिव्ह' नावाची ओळ. दुसऱ्या प्रकारात कर्मचाऱ्याच्या वाट्याचा पीएफही सीटीसीत वेगळी ओळ म्हणून मोजलेला असतो. ही नुसती मांडणीची चूक नाही. तो पैसा ग्रॉसमध्ये आधीच आहे, त्यामुळे तो दोनदा मोजला जातो आणि पाच लाखांचं पॅकेज प्रत्यक्षात ४,७८,४०० चं असतं. अ‍ॅनेक्शरमध्ये पीएफच्या दोन ओळी दिसल्या तर पहिला प्रश्न हाच विचारावा. सगळ्याच वेळा हेतू वाईट असतो असं नाही. पेन्शनचे १,२५० आणि पीएफचे ५५० अशा दोन ओळी कुणी वेगळ्या लिहिल्या असतील तर ते बरोबर आहे. काही कंपन्या पीएफचा प्रशासकीय खर्च आणि विम्याचा हप्ताही सीटीसीत धरतात, तेव्हा १२ ऐवजी १३ टक्के दिसतात. ते चुकीचं नाही, पण तेवढे दीडशे रुपये तुमच्या पगारातून नव्हे, तर पॅकेजमधून जातात.

तिसरा प्रकार साधा आणि सगळ्यात जास्त आढळणारा. शेवटची बेरीज सूत्राने केलेली नसते, हाताने टाइप केलेली असते. मागच्या उमेदवाराची फाइल उघडायची, दोन आकडे बदलायचे, नाव बदलायचं, पीडीएफ करायची. वरच्या ओळी नव्या पॅकेजच्या, तळाचा आकडा जुन्या पॅकेजचा. ऑफर लेटर बनवणाऱ्यांना माझं मनापासून सांगणं आहे की पानाबाहेर एक तपासणीची चौकट ठेवा: वार्षिक रकान्याची बेरीज वजा पत्रातला सीटीसी. तिथे शून्य आलं तरच पत्र पाठवा.

उमेदवाराच्या बाजूने, फरक सापडला तर फोनवर समजून घेऊन सही करू नका. कुठल्या ओळीत किती फरक आहे ते लिहून मेल करा. "वार्षिक रकान्याची बेरीज ४,९७,६०० येते, पत्रात ५,००,००० आहे, कृपया दुरुस्त अ‍ॅनेक्शर पाठवा," एवढं पुरतं. फरक दोन-चार रुपयांचा असेल तर तो पूर्णांक करण्याचा आहे, त्यासाठी नोकरी अडवायची नाही. पण हजारांत असेल तर दुरुस्त पान हातात पडेपर्यंत स्वीकृती पाठवू नका. दुरुस्त पानावर नवी तारीख आहे का ते बघा, आणि पत्राच्या मजकुरात जुन्या तारखेच्या अ‍ॅनेक्शरचा उल्लेख राहिलेला नाही ना, तेही तपासा. दोन अ‍ॅनेक्शरं फिरत असली की पुढे पगारवाढीच्या वेळी वाढ कोणत्या आकड्यावर धरायची, हा वाद हमखास निघतो.